पावसात बेल्ट का ओरडतो?

जूनचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक आवाज हमखास ऐकू येतो. कोणीतरी गाडी चालू करतं आणि बॉनेटखालून कर्कश ‘चीईई’ उठते. दहा-वीस सेकंद, फार तर मिनिटभर ती टिकते, मग आपोआप थांबते. गाडी निघून जाते आणि ‘पाणी गेलं असेल आत’ म्हणून विषय तिथेच मिटतो. पुढे कधीतरी तुंबलेल्या रस्त्यातून गाडी बाहेर काढली की तोच आवाज पुन्हा येतो. या वेळी मात्र डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवाही पेटतो. मग घाई होते आणि गाडी सरळ बॅटरीवाल्याच्या दुकानासमोर जाऊन उभी राहते.

बॅटरीवाल्याकडे जाण्यात चूक अशी की दोष बहुतेक वेळा बॅटरीत नसतोच. आणि ‘पाणी गेलं’ हे म्हणणं अर्धंच खरं असतं. पाणी गेलेलं असतं, पण योग्य मापाचा, नीट ताणलेला, न झिजलेला बेल्ट भिजला तरी आपलं काम सोडत नाही. मोठ्या डबक्यातून गेल्यावर क्षणभर कुरकुरला तर तेवढं माफ. रोज सकाळी ओरडणारा किंवा दिवा लावणारा बेल्ट आधीपासूनच कुठेतरी कमी पडत असतो. उन्हाळ्यात ते झाकलेलं राहतं, पाऊस ते उघडं पाडतो. म्हणून या आवाजावरचा उपाय बेल्ट कोरडा करणं हा नाही. तो का कमी पडतोय हे शोधणं हा आहे, आणि ते शोधणं फारसं अवघड नसतं.

लाल दिवा नेमकं काय सांगतो

इंजिन चालू असताना गाडीला लागणारी वीज बॅटरी देत नाही, अल्टरनेटर देतो. बॅटरीचं मुख्य काम इंजिन चालू करून देण्याचं. ते झालं की दिवे, वायपर, इंजिनाचा स्वतःचा विजेचा खर्च हे सगळं अल्टरनेटर उचलतो आणि वर बॅटरीही भरत राहतो. हा अल्टरनेटर फिरवतो तो रबरी बेल्ट. जुने मेकॅनिक त्याला अजूनही फॅन बेल्टच म्हणतात, कारण पूर्वी रेडिएटरचा पंखाही त्याच बेल्टवर फिरायचा.

जुन्या धाटणीच्या गाड्यांत बॅटरीच्या दिव्याची जोडणी अगदी साधी आहे. दिव्याच्या एका बाजूला किल्लीकडून बॅटरीचं व्होल्टेज येतं, दुसरी बाजू अल्टरनेटरला जोडलेली असते. किल्ली फिरवली आणि इंजिन अजून बंद आहे, तेव्हा एका बाजूला १२ व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ शून्य असतं. त्यामुळे वीज वाहते आणि दिवा पेटतो. इंजिन चालू होऊन अल्टरनेटर वीज देऊ लागला की दोन्ही बाजूंचं व्होल्टेज सारखं होतं, वीज वाहायचं कारण उरत नाही आणि दिवा विझतो. नव्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं, पण निरोप तोच असतो. हा दिवा बॅटरी खराब झाल्याचं सांगत नाही. ‘अल्टरनेटरकडून वीज येत नाही, आता सगळं बॅटरीच्या पुंजीवर चाललं आहे’ एवढंच तो सांगतो.

आवाज आणि दिवा एकत्र आले तर अर्थ जवळपास स्पष्ट असतो. बेल्ट पुलीवर घसरतोय आणि अल्टरनेटरला पुरेसा वेग मिळत नाहीये. आवाज न होता दिवा लागला तर दोन शक्यता उरतात. एक तर बेल्ट तुटून पडला आहे, नाहीतर बेल्ट ठीक आहे आणि अल्टरनेटरच्या आत किंवा त्याच्या वायरिंगमध्ये बिघाड आहे.

एका लहानशा पुलीवर किती ओढ येते

लोकांना वाटतं, दिवे आणि वायपर यांचा असा कितीसा भार असणार? एका मध्यम जुन्या पेट्रोल गाडीचा हिशेब मांडून बघू. मुसळधार पावसात, धुक्यात, ट्रकच्या रांगेमागे गाडी हळूहळू सरकतेय. हेडलाइट आणि मागचे दिवे मिळून १३० वॅट, वायपर ५०, काचेवरची वाफ घालवायला पूर्ण वेगात सोडलेला ब्लोअर १२०, मागच्या काचेतल्या तापणाऱ्या तारा १२०, आणि इंजिनाचा स्वतःचा खर्च, म्हणजे इंधनाचा पंप, इंजेक्टर, स्पार्क मिळून १००. बेरीज होते ५२० वॅट. १४ व्होल्टला हा सुमारे ३७ अँपिअरचा प्रवाह झाला.

अल्टरनेटर मिळालेल्या ताकदीतली निम्मी किंवा थोडी जास्तच वीज करतो, उरलेली उष्णतेत जाते. म्हणजे ५२० वॅट वीज हवी तर बेल्टला ९०० वॅटच्या आसपास ताकद पोचवावी लागते. ही सव्वा अश्वशक्ती झाली. ती पोचवायची आहे साडेसहा सेंटीमीटर व्यासाच्या पुलीवर. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर आणि अल्टरनेटर त्याच्या सव्वादोन पट वेगाने फिरत असताना गणित केलं, तर त्या पुलीच्या कडेवर सुमारे १२ किलो वजनाइतकी ओढ येते. ही ओढ बेल्टने पेलायची ती केवळ घर्षणावर. ना दाते आहेत, ना साखळी.

याच हिशेबातून सकाळच्या आवाजाचंही उत्तर मिळतं. स्टार्टरने नुकतीच बॅटरीतून बरीच वीज ओढलेली असते. ती भरून काढण्यासाठी अल्टरनेटर सुरुवातीला जोरात काम करतो, म्हणजेच बेल्टवर जास्त ओढ देतो. त्याच वेळी रबर थंड असतं आणि रात्रभरची ओल पुलीवर बसलेली असते. मिनिटभरात बॅटरीची भूक कमी होते, घर्षणाने ओल उडते आणि आवाज थांबतो. दोष मात्र जागच्या जागीच असतो.

घसरण अल्टरनेटरच्याच पुलीवर का होते, तर ती सगळ्यांत लहान असते. बेल्ट तिला कमी लांबीत विळखा घालतो आणि तिच्यावरच सर्वांत जास्त भार असतो. आवाजाचं मूळ आणखी थोडं खोल आहे. रबर पुलीला धरतं, ताणलं जातं, सुटतं, पुन्हा धरतं. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं, त्या थरथरीने बेल्ट तारेसारखा कापतो आणि आपल्याला चीत्कार ऐकू येतो.

पाणी काय करतं

रबर आणि पुलीच्या धातूमध्ये पाण्याचा पातळ थर आला की पकड कमी होते, हे उघड आहे. पण तो थर तिथे टिकू द्यायचा की नाही, हे बेल्टच्या हातात असतं. बेल्ट पुरेशा जोराने पुलीवर दाबला गेला असेल, तर पाणी पिळून कडेला फेकलं जातं. दाब कमी असेल तर पाणी मध्येच राहतं. सैल बेल्ट उन्हाळ्यात कशीबशी ओढ पेलतो आणि पावसात हार मानतो, त्याचं कारण हेच.

आजच्या बहुतेक गाड्यांत रुंद, चपटा बेल्ट असतो. त्याच्या आतल्या बाजूला लांबीभर बारीक धारा असतात आणि त्यांच्यामध्ये चर असतात. हे चर केवळ पकडीसाठी नसतात, पाण्याला वाट देण्यासाठीही असतात. बेल्ट झिजत गेला की धारा बारीक होतात, बेल्ट पुलीच्या खाचांत खोल बसतो आणि पाण्याला निसटायला जागा उरत नाही. घासून गुळगुळीत झालेला टायर ओल्या रस्त्यावर जसा पाण्यावर तरंगत घसरतो, तसाच हा बेल्ट पुलीवर तरंगतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. जुन्या रबराच्या बेल्टला वय झालं की भेगा पडायच्या, म्हणून ‘भेगा नाहीत ना, मग बेल्ट चांगला आहे’ असं म्हणायची सवय पडली. आताचे बेल्ट बहुधा ईपीडीएम जातीच्या रबराचे असतात. त्यांना भेगा फार उशिरा पडतात, पण झीज होतच राहते. दिसायला काळाभोर, धडधाकट बेल्टही पावसात घसरू शकतो. त्याचे चर मोजण्यासाठी प्लास्टिकचं साधं गेज मिळतं. तेही नसेल तर त्याच नंबरचा नवा बेल्ट शेजारी धरून धारांची उंची ताडून बघावी.

एकदा घसरण सुरू झाली की ती स्वतःलाच वाढवत नेते. घसरण्याने उष्णता होते, उष्णतेने रबराचा पृष्ठभाग कडक आणि चकचकीत होतो आणि चकचकीत रबर आणखी घसरतं. म्हणून महिनोन् महिने ओरडत राहिलेला बेल्ट नुसता ताणून भागत नाही. तो बदलावाच लागतो.

आंबा घाटातली एक गाडी

ओळखीतल्या एका प्राध्यापकांच्या गाडीची हकिकत इथे सविस्तर सांगतो, कारण तिच्यात नेहमी होणारे सगळे घोटाळे एकत्र आले होते. गाडी बरीच जुनी, पेट्रोलवरची. तिला जुन्या पद्धतीचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता एकच बेल्ट. तोच अल्टरनेटर फिरवायचा आणि तोच इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही. मे महिन्यात बेल्ट तुटला म्हणून गावातल्याच गॅरेजमध्ये नवा बसवला. पाऊस सुरू झाल्यावर रोज सकाळी तो ओरडू लागला. गॅरेजमध्ये ताणून दिला, आठवडाभर शांत राहिला, पुन्हा ओरडू लागला. पुन्हा ताणला. तिसऱ्यांदा कोणीतरी चालू बेल्टवर साबणाची वडी धरली. आवाज दोन दिवस गेला आणि परत आला.

जुलैत ते सहकुटुंब रत्नागिरीहून कोल्हापूरला निघाले. साखरप्याच्या पुढे रस्त्यावरून पाणी वाहत होतं. त्यातून गाडी काढली आणि बेल्ट किंचाळू लागला. घाट चढताना धुकं उतरलं, म्हणून हेडलाइट, वायपर, ब्लोअर, मागच्या काचेची तापणारी जाळी सगळं चालू होतं. ट्रकच्या रांगेत वेग कमी झाला तसा लाल दिवा आधी मिणमिणला आणि मग ठळक पेटला. थोड्या वेळाने आवाज अचानक थांबला, दिवा मात्र पेटलेलाच राहिला.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. आवाज थांबला याचा अर्थ बेल्ट सुधारला असा नव्हता. एक तर तो तुटला होता, नाहीतर इतका भिजला होता की अडखळायचंही थांबून नुसता सरकत होता. या दोहोंतला फरक सांगणारी गोष्ट डॅशबोर्डवरच होती, इंजिनाच्या तापमानाचा काटा. पंप त्याच बेल्टवर असल्यामुळे बेल्ट तुटला असता तर घाटाच्या चढाला काटा काही मिनिटांत वर गेला असता आणि तिथेच गाडी थांबवून इंजिन बंद करणं भाग होतं. तशी गाडी दामटली तर सिलिंडर हेडचं गॅस्केट जातं, हेड वाकतं आणि किरकोळ रबराच्या तुकड्यापायी इंजिन खोलावं लागतं. पण काटा जागचा हलला नव्हता. म्हणजे बेल्ट जागेवर होता. पंपाला ताकद कमी लागते, त्यामुळे तो फिरत होता. घसरण फक्त अल्टरनेटरच्या लहान पुलीवर चालली होती.

मग त्यांनी भार कमी केला. मागच्या काचेची जाळी बंद, ब्लोअर सगळ्यांत कमी वेगावर, फोनचा चार्जर काढला. हेडलाइट आणि वायपर अर्थातच चालू ठेवले, कारण धुक्यात त्यांच्याशी तडजोड करता येत नाही. वरच्या हिशेबात बसवून पाहिलं तर ५२० वॅटचे ३२० वॅट झाले आणि पुलीवरची ओढ १२ किलोवरून साडेसातवर आली. एवढी ओढ त्या अपुऱ्या बेल्टला पेलली. दोनेक मिनिटांत दिवा विझला. तो विझला नसता तर काय झालं असतं, याचाही अंदाज बांधता येतो. लहान गाडीच्या बॅटरीची क्षमता ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. ३२० वॅटसाठी तिला सुमारे २७ अँपिअर द्यावे लागतात. कागदावर हे सव्वा तासाचं काम झालं, पण बॅटरी पूर्ण रिकामी होण्याच्या बऱ्याच आधी व्होल्टेज पडतं, हेडलाइट पिवळे होतात, वायपर रेंगाळतात आणि स्पार्क कमजोर होऊन इंजिन बंद पडतं. म्हणून हातात अर्धा-पाऊण तास आहे असंच धरून चालावं. अशा वेळी वाटेत इंजिन बंद करू नये, कारण पुन्हा चालू करण्याइतकी वीज उरेलच असं नाही. तापमानाचा काटा वर जात असेल, तर मात्र हा नियम लागू होत नाही. तेव्हा इंजिन ताबडतोब बंद करायचं.

मलकापूरच्या गॅरेजात काय दिसलं

घाट चढून गेल्यावर ते मलकापूरला एका गॅरेजात थांबले. तिथल्या वयस्कर मेकॅनिकने बॉनेट उघडल्यावर बेल्टकडे बघायच्या आधी इंजिन बंद करायला लावलं आणि अल्टरनेटरची पुली अंगठ्याने ढकलून पाहिली. बेल्ट जागचा न हलता पुली आत फिरली. बंद इंजिनावर हाताने पुली फिरवता आली म्हणजे पकड उरलेली नाही, हे कोणालाही करता येण्यासारखं परीक्षण आहे. पुलीच्या मागे काळी भुकटी साठलेली होती. ते घासलेलं रबर.

“बेल्ट नवाच हाय सर,” तो म्हणाला, “पण ह्यो ह्या पुलीचा न्हाय.”

त्याने पुलीच्या कडेवर पट्टी आडवी धरून दाखवली. बेल्टचा वरचा पृष्ठभाग कडेच्या बरोबरीला हवा होता, तो चार मिलिमीटरहून जास्त खाली होता. मग बेल्ट काढला आणि खाचेच्या तळावर टॉर्च धरली. तळ आरशासारखा चकाकत होता. नीट बसलेला व्ही बेल्ट तळाला कधी टेकतच नाही, तो दोन्ही तिरप्या भिंतींमध्ये पाचरीसारखा अडकून पकड घेतो. तळ चकाकतोय म्हणजे बेल्ट तळावर घासत होता आणि भिंतींना जेमतेम शिवत होता. खाच होती १३ मिलिमीटर रुंदीच्या बेल्टची आणि गावात बसवलेला बेल्ट होता १० मिलिमीटरचा. लांबी जुळली म्हणून तो बसवला होता. भिंती तिरप्या असल्यामुळे रुंदीत तीन मिलिमीटर कमी पडले की बेल्ट खाली चार मिलिमीटरहून जास्त उतरतो आणि तळ गाठतो.

“मग दोनदा ताणला त्याचं काय?” प्राध्यापकांनी विचारलं.

“कितीबी ताणा, त्यो तळालाच दाबणार. जोर सगळा बेअरिंगवर जातुय,” त्याने सांगितलं आणि बेल्ट काढलेल्या अल्टरनेटरची पुली हाताने फिरवून कान लावला. खरखर नव्हती, बेअरिंग वाचलं होतं.

दुसरी गोष्ट त्याने गाडीखाली वाकून दाखवली. पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला, बेल्टच्या खाली असणारं प्लास्टिकचं कव्हर गायब होतं. हे कव्हर खड्ड्यात आपटून तुटतं किंवा ऑइल बदलताना काढलं जातं आणि पुन्हा लावायचं राहून जातं. ते नसलं की चाकाने उडवलेलं पाणी सरळ बेल्टवर येतं. कव्हर नसणं हा मूळ दोष नव्हे, पण अपुऱ्या बेल्टला रोज भिजवत ठेवायला ते पुरेसं होतं.

ताण कसा द्यायचा

योग्य मापाचा बेल्ट आल्यावर तो कसा ताणला, हेही बघण्यासारखं होतं. आधी बॅटरीची ऋण बाजूची वायर काढली. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत किल्ली बंद असतानाही बॅटरीची वीज असते आणि लोखंडी पहारीचं टोक तिला आणि इंजिनाला एकाच वेळी लागलं तर मोठी ठिणगी पडते. मग खालचा बिजागरीचा बोल्ट आणि वरच्या लांबट खाचेतला बोल्ट जरा जरा सैल केला. पहार अल्टरनेटरच्या पुढच्या भक्कम ओतीव भागाला टेकवून तो बाहेरच्या अंगाला ओढून धरला. मागच्या कव्हरला टेकवली तर ते फुटतं. ओढ कायम ठेवून आधी वरचा बोल्ट आवळला, मग खालचा.

ताण बरोबर आहे का हे बघायला दोन पुलींमधल्या सगळ्यांत लांब भागाच्या मधोमध अंगठ्याने सुमारे दहा किलोच्या जोराने दाबायचं. लहान गाड्यांत बेल्ट साधारण ६ ते १० मिलिमीटर दबायला हवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि तोच प्रमाण मानावा. फार दबला तर तो घसरेल. दगडासारखा लागला तर अल्टरनेटर आणि पंपाची बेअरिंग लवकर जातील. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत खाचेत बसतो आणि थोडा सैल पडतो, म्हणून काही दिवसांनी ताण पुन्हा तपासायचा असतो. बऱ्याच नव्या बेल्टांचा आवाज या राहून गेलेल्या तपासणीमुळेच होतो.

शेवटी मल्टिमीटर लावला. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते. चालू केल्यावर १४.२. सगळे दिवे, ब्लोअर, मागची जाळी चालू करून थोडी रेस दिली तर १३.७. चालू इंजिनावर साधारण १३.८ ते १४.५ असावेत आणि पूर्ण भाराखाली १३ च्या खाली जाऊ नयेत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. भार टाकल्यावर व्होल्टेज पडलं आणि सोबत आवाज आला तर बेल्ट बघायचा. आवाज न होता पडलं आणि बेल्ट पक्का असेल, तर अल्टरनेटरचे ब्रश, डायोड किंवा वायरीची टोकं तपासायची.

पाण्यानेच करायची परीक्षा

चपट्या, धारांच्या बेल्टसाठी मेकॅनिक एक सोपी परीक्षा करतात. आवाज येत असताना स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडं साधं पाणी फवारायचं. आवाज लगेच वाढला तर ताण कमी आहे, बेल्ट घसरतोय. आवाज थांबला आणि काही सेकंदांनी परत आला तर पुली एका रेषेत नाहीत, बेल्ट तिरका चालतोय. काहीच फरक पडला नाही तर आवाज बेल्टचा नसून बहुधा एखाद्या बेअरिंगचा आहे. पाऊस हीच परीक्षा घेत असतो, म्हणून आवाज ओल्यात वाढतो की थांबतो हे मेकॅनिकला सांगितलं तर त्याचं अर्धं काम होतं. फवारा दुरूनच मारावा. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी बेल्टपासून लांब ठेवावी. रेडिएटरचा विजेचा पंखा कधीही आपोआप सुरू होतो, हेही विसरू नये.

नव्या गाड्यांत ताण देणारा बोल्ट बहुधा नसतोच. स्प्रिंगचा टेन्शनर बेल्टला सतत ओढून धरतो. तिथे ‘टाईट करून द्या’ म्हणण्याला अर्थ नाही. स्प्रिंग थकली असेल तर टेन्शनर बदलावा लागतो. इंजिन चालू असताना त्याचा दांडा जोरजोराने हलत असेल, तर ती थकल्याची खूण समजावी. काही गाड्यांत लवचिक बेल्ट असतो, त्याला टेन्शनरही नसतो. तो सैल पडला की नवाच घालायचा. माइल्ड हायब्रिड गाड्यांत हाच बेल्ट इंजिन पुन्हा चालूही करतो, त्यामुळे तिथलं काम कंपनीच्या पद्धतीनेच व्हायला हवं.

साबण, मेण, बेल्टवर मारायचे चिकट स्प्रे यांनी आवाज काही दिवस दबतो. चिकटपणावर धूळ बसते, चर भरतात आणि बेल्ट अधिकच लवकर जातो. गंज काढायचं तेलकट द्रव तर बेल्टच्या जवळही नेऊ नये. बेल्टवर इंजिन ऑइल किंवा कूलंट गळत असेल तर आधी गळती थांबवावी आणि मगच बेल्ट बदलावा. नाहीतर नवा बेल्टही महिन्या-दोन महिन्यांत त्याच वाटेने जातो.

बेल्टची किंमत बहुतेक जुन्या गाड्यांत काही शे रुपयेच असते. मे महिन्यात सर्व्हिसिंग करून घेताना ‘बेल्ट टाईट करा’ एवढंच सांगून थांबू नका. बेल्टवरचा नंबर गाडीच्या नंबराशी ताडून बघायला सांगा, पुलीची खाच आणि बेल्टची बसण दाखवायला सांगा, खालचं कव्हर जागेवर आहे का ते वाकून बघा आणि सगळा भार चालू करून व्होल्टेज मोजून घ्या. हे सगळं जमून आलं आणि तरीही लाल दिवा लागला, तर बेल्टचा संशय सोडून अल्टरनेटर खोलायला द्यायला हरकत नाही.